कडुलिंबाचा पाला टाकला होता की, मग सोंडे आले कुठून?

आषाढ लागला की आमच्या बिल्डिंगमध्ये हा प्रश्न कुणी ना कुणी विचारतंच. यंदा वरच्या मजल्यावरच्या काकूंनी विचारला. पिठाच्या गिरणीवर न्यायला म्हणून गहू काढला तर परातीत सोंडे फिरायलेत, आणि काकू वैतागलेल्या. "अगं पाला टाकला होता की, चांगला दोन्ही हातांनी टाकला होता, झाकणपण गच्च बसतंय, मग हे मेले शिरले कुठून?"

मी म्हणलं काकू, शिरले नाहीत, गव्हातच होते. तुम्हीच झाकण लावून आत ठेवले.

त्यांना ते पटलं नाही, आणि पटणार तरी कसं, कारण एप्रिलमध्ये गहू भरताना त्यांनी चाळला होता, निवडला होता, एक किडा दिसला नव्हता. पण सोंडकिड्याचं कामच असं आहे की तो दिसायच्या आधी महिनाभर दाण्याच्या पोटात बसलेला असतो. मादी आपल्या त्या सोंडेनं दाण्याला बारीक भोक पाडते, त्यात एक अंडं घालते आणि वरून चिकट पदार्थानं भोक बुजवून टाकते, इतकं सफाईनं की नुसत्या डोळ्यांना दाणा अख्खा वाटतो. अळी आतच जन्मते, आतलं पीठ खाते, आतच कोष करते आणि शेवटी पूर्ण वाढलेला किडा होऊन दाणा फोडून बाहेर येतो. आपल्याकडच्या उकाड्यात ह्या सगळ्याला चार ते सहा आठवडे लागतात. एक मादी तिच्या आयुष्यात तीनशेच्या आसपास अंडी घालू शकते. आता एप्रिलच्या गव्हात दहा-वीस दाणे असे पोटुशे आले असतील, मोंढ्यातल्या गोदामातून म्हणा, जुन्या बारदान्यातून म्हणा किंवा गेल्या वर्षीच्या कोठीच्या तळाशी राहिलेल्या भुश्यातून म्हणा, तर जूनपर्यंत एक पिढी होऊन जाते आणि पावसाची दमट हवा लागली की दुसरी पिढी जोरात उठते. म्हणून हे सगळं आषाढातच दिसतं, तोवर सगळं शांत असतं.

भरायच्या आधी बघायचं असेल तर एक सोपी गोष्ट आहे. मूठभर गहू पाण्यात टाकायचा. आतून पोखरलेले दाणे हलके झालेले असतात, ते वर तरंगतात. त्यातला एखादा नखानं फोडून बघा, आत पांढरी, पाय नसलेली, जाडसर वळलेली अळी सापडली तर कळून चुकतं. अर्थात नुकतंच घातलेलं अंडं असलेला दाणा काही तरंगत नाही, त्यामुळं काहीच तरंगलं नाही म्हणजे गहू साफ आहे असा अर्थ काढायचा नाही. आणि भरून झालेल्या कोठीत बघायचं असेल तर कोपरापर्यंत हात खुपसायचा. किडा जिथं वाढलाय तिथं गहू चक्क कोमट लागतो, कारण एवढे जीव एका जागी श्वास घेतायत, आणि हात बाहेर काढला की बोटांना पांढरी भुकटी लागलेली असते.

आता पाल्याचं. आमच्याकडं घराघरात लिंबाचा पाला टाकतात, आणि मी पाल्याच्या विरोधात नाही, मी स्वतः टाकते. पण पाला काय करतो हे समजून घेतलं पाहिजे. लिंबात जे कडू द्रव्य असतं, ॲझाडिरॅक्टिन म्हणतात त्याला, त्याचा मुख्य उपयोग म्हणजे किड्याला तिथं खावंसं वाटत नाही, अंडी घालावीशी वाटत नाहीत, आणि अळीनं ते खाल्लं तर तिची कात टाकायची प्रक्रिया बिघडते. म्हणजे ते पटकन मारणारं विष नाही. आणि दाण्याच्या आत बसलेली अळी पाला खातच नाही, ती गहू खाते, तिच्यापर्यंत पाला पोचतच नाही. त्यात परत हे द्रव्य सगळ्यात जास्त निंबोळीच्या गरात असतं, पानात त्याहून बरंच कमी. बियाण्याला निंबोळीची पावडर चोळता येते पण खायच्या गव्हाला चोळली तर पोळी तोंडात घालवणार नाही, म्हणून घरात पालाच बरा.

दुसरी गोष्ट मात्रेची. खरं काम करायचं असेल तर वाळलेला पाला धान्याच्या वजनाच्या एक ते दोन टक्के लागतो. म्हणजे क्विंटलभर गव्हाला किलो-दोन किलो, तोही वाळलेला. वाळलेला एक किलो पाला म्हणजे केवढा ढीग होतो हे एकदा करून बघा, मोठं पोतं फुगतं. काकूंचा दोन्ही हातांचा पाला म्हणजे फार तर शंभर ग्रॅम असेल, तो क्विंटलभर गव्हाच्या ड्रममध्ये कुठल्या कुठं गेला. बहुतेक घरांत असंच चालतं, चार डहाळ्या टाकायच्या आणि समाधान मानायचं.

आणि ओला पाला तर अजिबात टाकू नये. ताज्या पाल्यात निम्म्याहून जास्त पाणीच असतं, ते बंद डब्यात कुठं जाणार? गव्हातच जाणार. मग पाल्याच्या भोवतीचा गहू ओलसर होऊन गोळे धरतो, हिरवट बुरशी येते, आणि किड्याला तर ओलसर दाणा म्हणजे मऊ अन्न. पाला वाळवायचा तो सावलीत, हवेशीर जागी, पाच-सात दिवस, चुरगाळला की कुरकुरीत मोडला पाहिजे. उन्हात वाळवला तर लवकर वाळतो खरं पण त्यातलं ते कडू द्रव्य उन्हानं नासतं, मग नुसता कचरा उरतो. चैत्रात लिंबाला कोवळी तांबूस पालवी असते ती घेऊ नये, ती लवकर सडते. जुनी, गडद हिरवी पानं घ्यायची, डहाळीसकट वाळवायची म्हणजे धान्यातून काढायला सोपं जातं.

पाला कुठं टाकायचा ह्यालाही अर्थ आहे. तळाला एक थर, मधे पंधरा-वीस किलोवर एक थर, आणि सगळ्यात जाड थर वरती. कारण पाकोळ्या, म्हणजे ते राखाडी पतंग, वरच्या थरात अंडी घालतात, त्यांची अळी फार खोल जात नाही, वरच्याच चार बोटांत जाळी करून दाणे एकमेकांना चिकटवते. तांदळात जी जाळी दिसते ती हीच. तिच्यासाठी वरचा पाला खरंच उपयोगी आहे, कारण ती बाहेरून येणारी आहे आणि तिला वाटेत अडवता येतं. थोडक्यात पाला हा राखणदार आहे, बाहेरच्याला हटकतो, आत आधीच मुक्कामाला असलेल्याला तो काही करू शकत नाही.

आतल्याचं काय करायचं मग? त्यासाठी हवा बंद करायची.

माझ्या आज्जीच्या माहेरी, केजकडं, जवारीचं पेव होतं. ज्यांनी बघितलं नाही त्यांच्यासाठी सांगते, घट्ट मुरमात खोल खड्डा, तोंड अरुंद आणि पोट मोठं, आतून कडब्याचं, भुश्याचं अस्तर, त्यात पोत्यानं जवारी ओतायची, वर परत कडबा आणि मग माती चोपून तोंड बुजवायचं. दोन-दोन वर्षं जवारी तशीच राहायची. आणि पेव उघडलं की कुणी लगेच आत उतरायचं नाही, हे लेकरांनासुद्धा माहीत असायचं. तोंड उघडून बराच वेळ तसंच ठेवायचं, मग दोरीला कंदील बांधून खाली सोडायचा, कंदील विझला तर अजून थांबायचं. घाईनं उतरलेली माणसं आत गुदमरून गेल्याच्या गोष्टी आमच्याकडं बऱ्याच गावांत सांगतात, आणि त्या खोट्या नाहीत. कारण बंद पेवात जवारी श्वास घेते, जवारीतले किडे घेतात, अस्तराच्या कडब्यातली बुरशी घेते, आणि आतला ऑक्सिजन संपत जाऊन कार्बन डायऑक्साईड साठतो. जी हवा माणसाला मारते तीच सोंडकिड्याला मारते. दोन-दोन वर्षं जवारी टिकायची ती ह्याच कारणानं. भिंतीलगतची जवारी मात्र ओल लागून काळी पडायची, तिला एक आंबूस वास यायचा, तो भाकरीतपण लागायचा, आणि पेवाच्या जवारीला बाजारात भाव कमी मिळायचा तो त्यामुळंच.

आता घरात पेव कुणी काढणार नाही, पण प्लास्टिकचा ड्रम म्हणजे छोटं पेवच. फक्त आपण त्याला पेवासारखं वापरत नाही, इथं सगळी गडबड आहे.

किड्याला मारायला आतला ऑक्सिजन अगदी खाली, तीन टक्क्यांच्या आसपास किंवा त्याच्याही खाली जावा लागतो, आणि तिथं काही आठवडे राहावा लागतो, कारण मोठे किडे लवकर मरतात पण अंडी आणि कोष जास्त तग धरतात. बाहेरच्या हवेत तो एकवीस टक्के असतो. हे खाली आणणार कोण? आतले किडेच. ते श्वास घेऊन घेऊन आपली हवा संपवतात. म्हणून डब्यात हवा जितकी कमी तितकं काम लवकर होतं. काकूंचाच हिशोब करू. त्यांच्याकडं २०० लिटरचा निळा ड्रम आहे, त्यात वर्षाला १०० किलो गहू भरतात, यंदा आषाढापर्यंत तो पन्नास-साठ किलोवर आला होता. क्विंटलभर गहू साधारण १३० लिटर जागा घेतो, म्हणजे भरल्या दिवशीच वर ७० लिटर रिकामी जागा. शिवाय दाण्यांच्या मधल्या फटीत पन्नास-एक लिटर हवा असतेच. एकूण १२० लिटर हवा, त्यात पंचवीस लिटर ऑक्सिजन. तोच गहू गळ्यापर्यंत भरेल एवढ्याच डब्यात ठेवला असता तर नुसती फटीतली हवा, म्हणजे ऑक्सिजन दहा-अकरा लिटर, निम्म्यापेक्षा कमी. आणि त्यात त्या आठ-दहा दिवसांनी झाकण उघडून गहू काढतात, म्हणजे किड्यांनी जेवढी हवा संपवली असेल तेवढी ताजी हवा आपण आणून दिली. झाकण टाईट असून काय उपयोग?

मी त्यांना सांगितलं एक मोठा ड्रम नको, ५० लिटरचे तीन घ्या. पन्नास लिटरमध्ये सदतीस-अडतीस किलो गहू गच्च बसतो. दोन ड्रम काठोकाठ भरायचे, मधे मधे हलवून, आपटून दाणा बसवायचा म्हणजे अजून दोन ओंजळी मावतात, वर पाला आणि झाकण. तिसऱ्यात उरलेला पंचवीस किलो, तो आधी वापरायला काढायचा, त्याचं झाकण कितीही वेळा उघडा. तोवर पहिले दोन बंद राहतात, त्यांना कुणी हात लावायचा नाही. आणि पुढं दुसरा ड्रम उघडला की रोज त्यातून काढायचं नाही, आठ-दहा किलो एकदम छोट्या डब्यात काढून ड्रम परत बंद करायचा. पोरं, सुना, कामाला येणाऱ्या मावशी, सगळ्यांना हे सांगावं लागतं, नाहीतर एक वाटी गव्हासाठी कुणीतरी नवाच ड्रम उघडतं.

झाकण खरंच हवाबंद आहे का ते रिकाम्या ड्रमवर बघून घ्यायचं. आतली रबराची रिंग जागेवर आहे का, कुठं चिरली तर नाही, ते बघा. मग झाकण लावा, कडेला साबणाचं पाणी फिरवा आणि ड्रमच्या पोटावर दोन्ही हातांनी दाब द्या. बुडबुडे आले तर तिथून हवा जाते. रिंग बदला नाहीतर भरल्यावर कडेनं चिकटपट्टी गुंडाळा. पत्र्याच्या कोठीला असं काही नसतंच, तिचं झाकण नुसतं वर बसतं आणि खालच्या गहू काढायच्या तोंडातून तर हवा सरळ खेळते, ती कोठी उंदरांसाठी चांगली, किड्यांसाठी नाही. कोठीच वापरायची असेल तर आत जाड प्लास्टिकची पिशवी घालून तिचं तोंड पिळून, दुमडून बांधायचं, आणि एकात एक अशा दोन पिशव्या घेतलेल्या बऱ्या, कारण दाणे पोखरणारा एक बारीक काळपट भुंगेरा असतो तो पातळ प्लास्टिक कुरतडून पार जातो. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाच्या लोकांनी १९८० च्या दशकाच्या शेवटी आफ्रिकेत कॅमेरूनमध्ये चवळीसाठी हीच युक्ती बसवली, आत दोन जाड पिशव्या आणि बाहेर विणलेलं पोतं. औषध काहीच नाही, तत्त्व आपल्या पेवाचंच.

इंटरनेटवर हल्ली मेणबत्तीचा उपाय फिरतोय, गव्हावर वाटीत पेटती मेणबत्ती ठेवायची आणि झाकण लावायचं, ती ऑक्सिजन खाऊन विझते आणि किडे मरतात म्हणे. मेणबत्ती विझते तेव्हा आत अजून सोळा-सतरा टक्के ऑक्सिजन शिल्लक असतो. सोंडकिडा त्यात आरामात जगतो. प्लास्टिकच्या ड्रममध्ये पेटती मेणबत्ती ठेवायची ती वेगळीच रिस्क.

ह्या सगळ्याच्या आधी मात्र गहू वाळलेला पाहिजे, नाहीतर हवाबंद डबा हा उलट नुकसान करतो. ओला दाणा बंद केला की तो आत घामेजतो, आंबतो, बुरशी धरतो आणि वास मारतो, आणि तो वास लागलेला गहू खायच्या कामाचा राहत नाही. मराठवाड्यात एप्रिल-मेचं ऊन हे ह्या बाबतीत वरदानच आहे, बेचाळीसपर्यंत पारा जातो. गच्चीवर ताडपत्री टाकायची, तीन-चार बोटांपेक्षा जाड थर करायचा नाही, दर तासा-दोन तासाला पायानं नाहीतर फावड्यानं सरी पाडत हलवायचं. दोन-तीन कडक उन्हं पुरतात. मोठे किडे असतील तर ते तापलं की कडेकडेनं पळायला लागतात, ताडपत्रीच्या काठावर बघा, काठ झाडून घ्यायचा आणि झाडलेलं परत गव्हात येऊ द्यायचं नाही. दाणा वाळला का ते दाताखाली धरून बघतात, कट्टकन आवाज होऊन दोन तुकडे झाले पाहिजेत, चेपला गेला तर अजून ऊन लागतंय. अजून एक युक्ती आहे, कोरड्या काचेच्या बरणीत मूठभर गहू आणि दोन चमचे अगदी कोरडं मीठ टाकून हलवायचं आणि दहा-पंधरा मिनिटं ठेवायचं. मीठ काचेला चिकटलं तर ओल पंधरा टक्क्यांच्या वर आहे. नाही चिकटलं म्हणजे पंधराच्या खाली आहे एवढंच कळतं, आपल्याला दहा-बारापर्यंत यायचंय, म्हणून मीठ मोकळं राहिलं तरी एक ऊन जास्त दिलेलं बरं.

आणि उन्हातून उचललेला गरम गहू लगेच ड्रममध्ये भरायचा नाही. बहुतेक लोक इथंच फसतात, संध्याकाळ होते, पाहुणे यायचे असतात, ताडपत्री गुंडाळायची घाई असते. गरम गहू बंद केला की रात्री ड्रम गार होतो आणि झाकणाच्या आतून थेंब धरतात, ते वरच्या थरावर पडतात, आणि चार दिवसांनी वरचा गहू गोळे धरलेला दिसतो. रात्रभर घरात सावलीला पसरून ठेवायचा, सकाळी हाताला गार लागला की भरायचा. ड्रम फरशीवर न ठेवता लाकडी पाटावर ठेवायचा आणि ज्या भिंतीवर दुपारचं ऊन पडतं तिला लावायचा नाही, हेही त्याच कारणानं.

कडधान्याची गोष्ट वेगळी आहे आणि जास्त त्रासाची आहे. मुगात, चवळीत, हरभऱ्यात, तुरीत जो गोल चॉकलेटी भुंगा होतो तो शेतातच येतो, पिकलेल्या शेंगांवर उडत जाऊन अंडी घालतो. पण इथं एक सोय आहे, त्याची अंडी दिसतात. मूग परातीत घेऊन उजेडात तिरका धरा, दाण्यावर पांढरा बारीक ठिपका चिकटलेला दिसतो, पुसून निघत नाही. तो ठिपका म्हणजे अंडं, आणि त्याच्याच खालून अळी थेट दाण्यात शिरते. पुढं महिनाभरात दाण्याला टाचणीनं पाडल्यासारखं गोल भोक दिसतं, ती भुंगा बाहेर पडायची खिडकी. एकाच मुगावर दोन-तीन ठिपके असतील तर तो माल घेऊच नका, मोंढ्यात कितीही स्वस्त देत असले तरी.

ह्या भुंग्यासाठी नुसत्या पाल्यावर विसंबता येत नाही, कारण मोठा झालेला भुंगा काही खातच नाही, तो आठ-दहा दिवस जगतो आणि फक्त अंडी घालतो. त्याला तेल चालतं. किलोला एक छोटा चमचा, पाच मिली एरंडेल, हातावर घेऊन सगळ्या दाण्यांना चोळायचं, दाणा नुसता चकाकला पाहिजे, ओला नाही. तेलाच्या थरानं दाण्यावरच्या अंड्याचा श्वास कोंडतो आणि नवीन अंडं नीट चिकटत नाही. आधीच आत शिरलेल्या अळीला मात्र तेल काही करत नाही, त्यासाठी तेलाच्या आधी ऊन. काळ्या प्लास्टिकवर मुगाचा पातळ थर, वरून पारदर्शक प्लास्टिक आणि कडेनं विटा, भर दुपारी तीन-चार तास. आत पन्नास-साठ अंशांच्या घरात तापतं आणि दाण्यातली अळी मरते. पेरायला ठेवलेल्या बियाण्याला हे करू नका, उगवण बिघडायची भीती असते.

आणि साठवायला दोन लिटरच्या कोल्ड्रिंकच्या बाटल्या. हसू नका, ह्याच्याइतका हवाबंद डबा घरात दुसरा नसतो. धुवून, पार कोरड्या करून, दीडेक किलो मूग गळ्यापर्यंत ठोकून ठोकून भरायचा आणि झाकण पिळायचं. एक बाटली उघडली की ती संपवायची, बाकीच्या बंद. आमच्या आईच्या कपाटात अशा बाटल्यांची रांग असते. आणि डाळ करून ठेवली तर हा त्रास फार कमी होतो, साल काढलेल्या, फोडलेल्या डाळीत हा भुंगा नीट वाढत नाही. जुन्या बायका तूर आल्या आल्या जात्यावर भरडून डाळ करून ठेवायच्या त्यात हेही कारण असणार.

तांदळाचं फार सांगण्यासारखं नाही. आपल्याकडं तो वर्षाचा कुणी भरत नाही, आणि पॉलिश केलेल्या तांदळाला ऊन दिलं तर तो तडकतो, कणी होते. सावलीत पसरायचा, हवा द्यायची, लहान डब्यात काठोकाठ भरायचा, वर पाल्याची डहाळी. रवा, बेसन वगैरे थोडं असेल तर सरळ आठवडाभर फ्रीझरमध्ये, त्यानं अंडीपण मरतात. बाहेर काढल्यावर पिशवी गार असेपर्यंत उघडू नका, नाहीतर पाणी सुटतं.

आता जे करू नये ते. बोरिक पावडर चोळून ठेवायची पद्धत अजून बऱ्याच घरांत आहे, एरंडेलात कालवून गव्हाला लावतात, धुतलं की जाते म्हणतात. गहू दळताना कोण धुतं? ती खायची वस्तू नाही, लेकरांच्या पोटात तर नकोच. पाऱ्याच्या गोळ्या तर त्याहून वाईट. आणि गॅसच्या गोळ्या, म्हणजे ॲल्युमिनियम फॉस्फाईड, राहत्या घरात कधीही, एकही नाही. हवेतल्या ओलीनं त्यातून फॉस्फीन गॅस निघतो, तो गोदामांसाठी आहे, शिकलेल्या माणसानं जागा बंद करून वापरायचा आहे, आणि बंद खोलीत धान्याशेजारी झोपलेली माणसं त्यानं मेल्याच्या बातम्या दर काही दिवसांनी येतात. तुमचा दुकानदार ओळखीचा आहे म्हणून कागदात बांधून चार गोळ्या देत असेल तरी घ्यायच्या नाहीत.

काकूंचा यंदाचा गहू मात्र आता ड्रममध्ये कोंडून उपयोग नव्हता, अर्धा ड्रम, आषाढातली दमट हवा आणि मोठे किडे बाहेर पडलेले. पाऊस उघडल्यावर दोन दिवस ऊन दिलं, बारीक चाळणीनं चाळला, भुकटी आणि किडे खाली पडले, मग पाण्यात धुवून तरंगणारे दाणे काढून टाकले आणि परत कडकडीत वाळवून एकदम दळून आणला, कारण धुतल्यानंतर तो ठेवण्यात अर्थ नव्हता. पंधरा दिवसांत संपेल एवढं पीठ घरात, बाकी पीठ लेकीकडं आणि भावाकडं गेलं. वास आलेला नव्हता म्हणून हे चाललं, वास असता तर सरळ टाकून द्यायला सांगितलं असतं, कोंबड्यांनापण नाही. चाळणीखालचं मात्र आमच्या दूधवाल्यानं मागून नेलं, त्याच्याकडं गावरान कोंबड्या आहेत. रिकामा ड्रम धुवून गच्चीवर उन्हात उपडा घातलाय, त्याच्या झाकणाची रिंग काढून आतल्या खाचेत टाचणी फिरवली तर तिथून अजून सात-आठ सोंडे निघाले, जिवंत.